धार्मिक मेळाव्यातील चेंगराचेंगरीचे वार्तांकन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दीक्षाभूमीवरील धम्मचक्र प्रवर्तन दिन, कोराडीच्या जगदंबेची नवरात्र, ताजबागचा उर्स, रामनवमीची शोभायात्रा आणि शहराबाहेरच्या मैदानांवर होणारी प्रवचने यांमुळे नागपूरच्या वार्ताहरांना वर्षभर गर्दीचे वार्तांकन करावे लागते. अशा ठिकाणी दुर्घटना घडली तर पहिल्या काही तासांत काय लिहायचे, काय थांबवून ठेवायचे आणि नंतर कोणाला कोणते प्रश्न विचारायचे, याविषयी शहरातील तरुण वार्ताहर आणि तालुका प्रतिनिधी जे प्रश्न वारंवार विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

पहिली बातमी कशी असावी?

ती लहान असावी आणि तिच्यातील प्रत्येक विधान कोणी केले व किती वाजता केले, हे वाचकाला कळावे. समजा, हिंगणा मार्गालगतच्या एका मैदानावर प्रवचन संपताना दुर्घटना घडली आहे. पहिली बातमी अशी असू शकते : "हिंगणा मार्गावरील मैदानात प्रवचन संपल्यानंतर बाहेर पडताना झालेल्या चेंगराचेंगरीत चार महिलांचा मृत्यू झाल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयातील डॉक्टरांनी सायंकाळी सव्वासहा वाजता सांगितले. अकरा जखमींवर तेथे उपचार सुरू आहेत. अन्य रुग्णालयांतील माहिती अद्याप मिळालेली नाही. घटना पश्चिमेकडील फाटकाजवळ घडल्याचे दोन प्रत्यक्षदर्शींनी सांगितले. कारणाबाबत पोलिसांनी अद्याप निवेदन दिलेले नाही."

या मजकुरात "मृत्यूचे तांडव" किंवा "काळाचा घाला" यांसारखे शब्द नाहीत आणि त्यांच्यावाचून काही अडतही नाही. अन्य रुग्णालयांची माहिती नाही, हे वाक्य संपादनात सर्वांत आधी कापले जाते, म्हणून ते राहावे असा आग्रह धरावा. चार हा अंतिम आकडा नसून एका रुग्णालयाचा आकडा आहे, हे वाचकाला त्याच वाक्यातून कळते.

मृतांचा आकडा कोणाचा धरावा?

पहिल्या रात्री आकडा एका जागी कधीच नसतो, कारण मृतदेह आणि जखमी जे वाहन मिळेल त्यातून, जे रुग्णालय जवळ असेल तेथे नेले जातात. २ जुलै २०२४ रोजी उत्तर प्रदेशातील हाथरस जिल्ह्यात, सिकंदराराऊ तहसिलीतील फुलराई गावाजवळ सत्संग संपताना झालेल्या दुर्घटनेत हेच दिसले. सुरुवातीला प्रसारित झालेला २७ हा आकडा शेजारच्या एटा जिल्ह्यातील रुग्णालयात पोहोचलेल्या मृतदेहांचा होता. रात्रीपर्यंत ११६ मृत्यू जाहीर झाले आणि दुसऱ्या दिवशी हा आकडा १२१ झाला. २७ हा आकडा खोटा नव्हता, पण "हाथरसमध्ये २७ ठार" असे ज्यांनी लिहिले त्यांची बातमी मात्र चुकीची ठरली, कारण त्यांनी एका शवागाराचा आकडा संपूर्ण घटनेचा म्हणून दिला.

नागपुरात असे घडल्यास जखमी मेडिकल, मेयो, खासगी रुग्णालये आणि ग्रामीण रुग्णालय अशा किमान चार दिशांना जातील. प्रत्येक ठिकाणी नावनिहाय यादी करावी, नुसती संख्या लिहून घेऊ नये. याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. ग्रामीण रुग्णालयाच्या नोंदवहीत "अनोळखी स्त्री, अंदाजे वय ४५, हिरवे लुगडे, उजव्या हातावर गोंदण" अशी नोंद असते. तीच महिला पुढे शवविच्छेदनासाठी मेडिकलला आणली जाते, नातेवाईक ओळख पटवतात आणि तेथील यादीत तिचे नाव येते. दोन्ही ठिकाणचे आकडे मिळवणाऱ्या वार्ताहराच्या हिशेबात एका महिलेचे दोन मृत्यू होतात. मेयोतून मेडिकलला हलवलेल्या जखमींचेही असेच होते. यादीत नाव, वय, गाव, आणले केव्हा, कोठून आणले आणि पुढे कोठे पाठवले एवढे रकाने असले, तर ही दुबार मोजणी त्याच रात्री पकडता येते.

मृतांची नावे मात्र घरच्यांना कळवले गेल्याची खात्री झाल्यावरच छापावीत. बातमीतून आईच्या मृत्यूची माहिती मिळण्याची वेळ कोणत्याही मुलावर येऊ नये.

प्रशासनाचा आकडा आणि आपली यादी जुळत नसेल तर?

दोन्ही आकडे द्यावेत आणि फरक कशामुळे पडतो ते सांगावे. आपल्या यादीत ज्यांचे नाव आहे आणि सरकारी यादीत नाही, अशा प्रत्येक व्यक्तीबाबत शवविच्छेदनाची नोंद, मृत्यूचा दाखला किंवा कुटुंबाची मुलाखत यांपैकी किमान दोन गोष्टी हाताशी असाव्यात. प्रयागराजच्या महाकुंभात २९ जानेवारी २०२५ च्या पहाटे झालेल्या दुर्घटनेत ३० मृत्यू झाल्याचे अधिकृतपणे सांगण्यास त्या दिवशी संध्याकाळ उजाडली. पुढे बीबीसीच्या बातमीदारांनी मृतांच्या कुटुंबांपर्यंत पोहोचून जून महिन्यात किमान ८२ मृत्यू झाल्याचे वृत्त दिले. त्या वृत्ताचे वजन "सरकार आकडे लपवते" अशा आरोपातून आलेले नसून घरोघरी जाऊन केलेल्या नोंदींतून आले आहे. पहिल्या रात्री "शेकडो मृत्यूंची भीती" असे लिहिणाऱ्यांजवळ अशा नोंदी नसतात.

"भाविक तुडवले गेले" असे लिहावे का?

शवविच्छेदनाआधी लिहू नये. अशा दुर्घटनांतील बहुतेक मृत्यू श्वास कोंडून होतात. चारही बाजूंनी दाब आला की छाती फुगायला जागा राहत नाही आणि माणूस उभ्याउभ्याच गुदमरतो. कित्येकदा शुद्ध हरपल्यावरही त्याला खाली पडायला जागा नसते. म्हणून कोणी पळाले नाही, कोणी पडले नाही आणि तरीही माणसे गेली, हे प्रत्यक्षदर्शींचे म्हणणे वार्ताहराला विसंगत वाटले तरी ते खरे असू शकते. डॉक्टरांना "अंगावर बाह्य जखमा किती होत्या" आणि "मृत्यूचे प्राथमिक कारण काय नोंदवले" हे दोन प्रश्न विचारावेत. बहुतेकांना बाह्य जखमा नसतील आणि श्वासावरोधाची नोंद असेल, तर घटनेचे स्वरूपच वेगळे दिसू लागते, आणि तपासाची दिशा "कोणी धक्का दिला" येथून "एवढी माणसे एवढ्या जागेत कशी आली" येथे वळते.

पोलीस म्हणतात की अफवेमुळे घडले. कारण म्हणून तेच द्यावे का?

पोलिसांचे म्हणणे म्हणून द्यावे, कारण म्हणून देऊ नये. मध्य प्रदेशातील दतिया जिल्ह्यात रतनगढच्या मंदिराजवळ ऑक्टोबर २०१३ मध्ये पूल कोसळत असल्याच्या अफवेनंतर शंभराहून अधिक भाविकांचा मृत्यू झाला. अफवा पसरली असेलही; पण पुलावर माणसांना हलायला जागा असती, विरुद्ध दिशांची ये-जा वेगळी असती आणि खरी स्थिती सांगणारा ध्वनिक्षेपक असता, तर त्याच अफवेने गोंधळ उडाला असता, एवढी जीवितहानी झाली नसती. अफवा, विजेच्या तारेची ठिणगी, अचानक आलेला पाऊस, प्रसादासाठी झालेली ओढाताण या सगळ्या निमित्तमात्र गोष्टी असतात. गर्दी आधीच धोक्याच्या घनतेला पोहोचली होती का, हा प्रश्न यांपैकी कोणतेही निमित्त पुढे केले गेले तरी विचारावाच लागतो.

"भाविकांची बेशिस्त" हे वाक्य तर आणखी जपून हाताळावे. इंग्लंडमध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर १९८९ साली झालेल्या दुर्घटनेनंतर पोलिसांनी प्रेक्षकांना दोष दिला आणि वृत्तपत्रांनी तो छापला. त्या दुर्घटनेत ९७ जणांचा बळी गेला. प्रेक्षकांच्या वर्तनाचा दुर्घटनेत वाटा नव्हता आणि मृत्यू पोलिसांच्या गंभीर निष्काळजीमुळे झाले, असा निष्कर्ष निघायला २०१६ साल उजाडावे लागले. मृतांना आपली बाजू मांडता येत नाही, आणि पहिल्या दिवशीचा मथळा पुढे कितीही दुरुस्त्या छापल्या तरी लोकांच्या मनातून पुसला जात नाही.

गर्दी किती होती, हे कसे ठरवावे?

आयोजक लाखांत सांगतात, पोलीस कमी सांगतात, आणि एकूण संख्येचा हा वाद बऱ्याचदा मूळ मुद्द्यापासून दूर नेतो. मैदानात पन्नास हजार लोक सुरक्षित असू शकतात आणि एका फाटकापाशी आठशे लोक जीवघेण्या स्थितीत असू शकतात. त्यामुळे घटना जेथे घडली तेथील घनता शोधावी. त्यासाठी घटनेच्या आधीच्या काही मिनिटांचे छायाचित्र किंवा चित्रफीत मिळवावी, तिच्यात दिसणाऱ्या दोन ठरावीक खुणा, उदाहरणार्थ मंडपाचे दोन खांब किंवा बॅरिकेडचा एक भाग, दुसऱ्या दिवशी जागेवर जाऊन टेपने मोजाव्यात आणि त्या चौकटीतील डोकी मोजावीत. एका चौरस मीटरमध्ये चार माणसांपर्यंत लोक आपापल्या इच्छेने हलू शकतात. पाचच्या पुढे धोका वाढतो. सहा-सात माणसे झाली की व्यक्तीची इच्छा संपते आणि गर्दी एका लोंढ्यासारखी सरकू लागते.

चित्रफितीत आणखी एक खूण दिसते. कोणी चालत नसतानाही डोक्यांची रांग एकदम डावीकडे आणि मग उजवीकडे लाटेसारखी हेलकावत असेल, तर ती जागा त्या क्षणी धोक्याच्या पलीकडे गेलेली होती. ही लाट दिसू लागल्यापासून बचावाची पहिली कृती होईपर्यंत किती मिनिटे गेली, हे चित्रफितींवरील वेळ जुळवून सांगता आले, तर त्या एका माहितीचे मोल दहा प्रतिक्रियांहून अधिक असते. मोबाइलमधील घड्याळे सहसा अचूक असतात, मात्र पुढे पाठवलेल्या चित्रफितीवर दिसणारी वेळ ती पाठवल्याची असते, म्हणून मूळ फाइल ज्याच्याकडे आहे त्याच्याकडूनच ती घ्यावी.

फाटके पुरेशी होती की नाही, हे आपण कसे सांगणार?

साध्या गुणाकार-भागाकाराने बरेच कळते. ब्रिटनमधील क्रीडा मैदानांच्या सुरक्षेसाठी वापरल्या जाणाऱ्या मार्गदर्शिकेनुसार सपाट वाटेच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त ८२ आणि पायऱ्यांवरून ६६ माणसे जातील असे धरले जाते. हिंगणा मार्गावरील आपल्या कल्पित मैदानाचेच उदाहरण घेऊ. तेथे ४०,००० लोक होते आणि चार-चार मीटर रुंदीची दोन सपाट फाटके होती असे समजा. दोन्ही उघडी असती तर मिनिटाला ६५६ माणसे बाहेर पडली असती आणि मैदान साधारण एका तासात रिकामे झाले असते. आता महाराजांची गाडी जाण्यासाठी त्यांतील एक फाटक राखून ठेवले गेले, तर हाच वेळ दोन तासांवर जातो. उरलेल्या फाटकाच्या तोंडाशी चप्पल स्टँड आणि पाण्याची टाकी ठेवून निम्मी रुंदी अडली असेल, तर चार तास लागतात. म्हातारी माणसे, कडेवरची लेकरे, डोक्यावरच्या पिशव्या आणि चिखल यांचा विचार केला तर प्रत्यक्ष वेळ याहून अधिकच होईल.

या हिशेबातून गुन्हा सिद्ध होत नाही, आणि परदेशी मैदानांचा दर आपल्या जत्रेला जसाच्या तसा लागू होतो असेही नाही. तो कमाल दर आहे, एवढे बातमीत स्पष्ट लिहावे. पण "सगळे एकदम निघाले" या स्पष्टीकरणावर पुढचा प्रश्न यातूनच तयार होतो. प्रवचन संपल्यावर सगळे एकदमच निघतात, शेवटची बस आणि जेवणाची वेळ तेव्हाच असते, हे आयोजकांना आधी ठाऊक असते. मग टप्प्याटप्प्याने सोडण्याची योजना होती का, ती कोणत्या कागदावर होती आणि मैदानात ती राबवण्याचा अधिकार कोणाकडे होता?

फाटक बंद होते की अरुंद झाले होते, हे स्वतः जाऊन पाहावे. कुलूप, बांबूचे टेकू, खोदलेला चर, उतार आणि निसरडी जमीन यांची मोजमापे साफसफाई होण्याआधीच घ्यावीत. मांढरदेवी येथे जानेवारी २००५ मध्ये सुमारे ३०० भाविकांचा बळी घेणाऱ्या दुर्घटनेत नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या अरुंद, चढणीच्या पायऱ्या आणि वाटेतली दुकाने यांचा उल्लेख सतत झाला. अशा जागेचे पाणी दुसऱ्या दिवशी वाळलेले असते.

परवानगीच्या कागदांत काय पाहावे?

अर्जात अपेक्षित संख्या किती लिहिली होती, परवानगी कोणी दिली आणि ती देण्याआधी जागा पाहिली होती का, हे तीन मुद्दे आधी पाहावेत. हाथरसमध्ये परवानगी सुमारे ८०,००० लोकांसाठी होती आणि अडीच लाखांहून अधिक लोक आल्याचे पोलिसांच्या प्राथमिक माहिती अहवालात म्हटले आहे. विशेष तपास पथकाच्या अहवालात आयोजकांबरोबर स्थानिक प्रशासनालाही जबाबदार धरले गेले. उपजिल्हाधिकाऱ्यांनी जागेची पाहणी न करताच परवानगी दिल्याचे त्यात नमूद होते, आणि सहा अधिकारी-कर्मचाऱ्यांना निलंबित करण्यात आले.

नागपुरात हे कागद एकाच टेबलावर मिळत नाहीत. शहर हद्दीत पोलिसांची परवानगी, महापालिकेचे व अग्निशमन विभागाचे ना-हरकत पत्र, मंडपाच्या मजबुतीचा दाखला आणि वीजजोडणीची कागदपत्रे वेगवेगळ्या कार्यालयांत असतात. प्रत्येक परवानगीसोबत "अटी व शर्ती" यांचे पान असते. ते पान मिळवावे आणि प्रत्येक अटीपुढे ती पाळली गेली का, हे कोणी तपासले आणि तपासल्याची सही कोठे आहे, असे विचारत जावे. अट घातली म्हणजे जबाबदारी संपली, असे कार्यालयांना वाटत असते. ती तपासण्यासाठी त्या दिवशी कोण जागेवर होते, या प्रश्नाचे उत्तर देणे त्यांना अवघड जाते. तोंडी मिळाले नाही तर माहिती अधिकारात अर्ज करावा आणि तीस दिवसांची मुदत दैनंदिनीत लिहून ठेवावी.

महाराज, देवस्थान किंवा श्रद्धा यांविषयी किती लिहावे?

घटनेशी संबंध असेल तेवढेच. हाथरसमध्ये प्रवचनकारांची गाडी गेली त्या वाटेवरची धूळ घेण्यासाठी लोक पुढे सरसावले, असे पोलिसांच्या अहवालात आहे, म्हणून त्या प्रथेचा उल्लेख आवश्यक ठरतो. परंतु लोक तेथे गेलेच कशाला, असा सूर बातमीत येता कामा नये. दर्शनाला जाणे हा निष्काळजीपणा नाही. ज्यांनी वर्गणी, मंडप आणि वाहनतळ यांचे नियोजन केले, त्यांनी बाहेर पडण्याच्या वाटेचेही नियोजन करणे अपेक्षित होते, आणि ही अपेक्षा कोणत्याही धर्माच्या आयोजकांकडून सारखीच असते.

छायाचित्रांबाबत काय करावे?

ओळखता येणारा मृतदेह, रुग्णालयातील उघडे जखमी अंग आणि आक्रोश करणाऱ्या नातेवाइकाचा जवळून घेतलेला चेहरा छापू नये. फाटकाची रुंदी, बॅरिकेडची मांडणी आणि उतार दाखवणारी छायाचित्रे आवर्जून छापावीत. तीच पुढे चौकशीतही उपयोगी पडतात.

गोवारी दुर्घटनेचा संदर्भ द्यावा का?

२३ नोव्हेंबर १९९४ रोजी हिवाळी अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात ११४ जणांचा जीव गेला. नागपूरच्या वाचकाला चेंगराचेंगरी म्हटले की झिरो माईलजवळचे स्मारक आठवते, त्यामुळे संदर्भ येणे स्वाभाविक आहे. मात्र तो मेळावा धार्मिक नव्हता. तेथे पोलिसांची कारवाई हा प्रश्न केंद्रस्थानी होता आणि माणसे हक्काची मागणी घेऊन आली होती. पुढे जायची वाट अडलेली असताना मागून दाब येत राहणे, एवढ्याच मुद्द्यावर तुलना करावी. आकड्यांची "सर्वांत भीषण" अशी क्रमवारी लावण्यासाठी त्या मृतांचा वापर करू नये.

गुन्हा दाखल झाला म्हणजे दोषी ठरले का?

नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूचे आहे आणि कलम १०५ सदोष मनुष्यवधाचे आहे. दोन्हींतील शिक्षेत मोठा फरक असल्याने कोणते कलम लावले ते नेमके लिहावे. गुन्ह्यात कोणाचे नाव आहे याबरोबरच कोणाचे नाही, हेही वाचकाला सांगावे. हाथरसच्या प्राथमिक माहिती अहवालात मुख्य आयोजकाचे नाव होते, प्रवचनकारांचे नव्हते.

पाठपुरावा कोठवर करावा?

चौकशी कोणत्या स्वरूपाची आहे, यावर ते अवलंबून आहे. पोलीस तपास, दंडाधिकारीय चौकशी आणि न्यायालयीन आयोग या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि "उच्चस्तरीय चौकशीचे आदेश" या वाक्यातून यांपैकी कोणती ते कळत नाही. आदेशाची प्रत मागावी आणि तिच्यातील कार्यकक्षा वाचावी. कार्यकक्षेत फक्त "घटनेची कारणे" असतील आणि परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यांच्या जबाबदारीचा उल्लेख नसेल, तर तीच त्या दिवसाची बातमी आहे. चौकशी आयोग अधिनियम, १९५२ खाली आयोग नेमला गेला असेल, तर त्याने अहवाल सादर केल्यापासून सहा महिन्यांत सरकारने तो कृती अहवालासह विधिमंडळापुढे ठेवायचा असतो. मुंबईत किंवा नागपुरात अधिवेशन भरेल तेव्हा तो ठेवला का, हे विचारता येते.

पुढच्या वर्षी त्याच मैदानाला पुन्हा परवानगी मागितली जाईल, तेव्हा दोन्ही वर्षांच्या अटींची पाने शेजारीशेजारी ठेवून वाचावीत आणि फाटकांची रुंदी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी जाऊन मोजावी.